अप्पांची संमती

माझा स्वभाव मुळात तापट. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नाही, हिचं नाकच रागाचं आहे. त्यामुळे त्या सकाळी सर्जन साहेबांनी वॉर्डात शिरता शिरता, माझ्याकडे न बघताच, "दस बजे ओटी है, कन्सेंट ले लीजिए," असं फर्मावलं तेव्हा मी मनातल्या मनात चार शब्द बोलून घेतले आणि ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म काढला. तेव्हा मी तिशीतली होते. झाशीतल्या सिविल लाइन्समधल्या एका खाजगी रुग्णालयात मेडिसिनची ज्युनियर डॉक्टर. नवी होते, आणि नवीन माणसाला कागद लवकर पुरा करण्याचीच जास्त घाई असते.

पेशंट आमच्यातलेच होते. झाशीत मराठी घरं ती किती! गणपतीत, हळदीकुंकवाला, कुणाच्या तेराव्याला तीच तीच तोंडं. ह्यांना सगळे अप्पा म्हणत. वय ब्याऐंशी, रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. थोरली मुलगी, तिला मी ताई म्हणायची, लग्न न करता त्यांच्यापाशीच राहिलेली. अप्पांना डायबिटीस होता आणि दोन वर्षांपासून विसरभोळेपणा, म्हणजे डिमेन्शियाच. तोच प्रश्न चारदा विचारायचे, पण चहा स्वतः करून घ्यायचे आणि बडा बाजारातून भाजीही आणायचे. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती, घोट्यापर्यंत लाली आणि सूज चढली होती. सर्जन साहेबांचं मत स्पष्ट होतं: गुडघ्याखाली पाय काढायचा.

मी फॉर्म घेऊन खाटेपाशी गेले. अप्पा चादरीचं टोक बोटांनी कुरतडत होते, जणू त्यावर काहीतरी चिकटलंय. मी आपली सवयीप्रमाणे भराभर सांगितलं, पायात विष झालंय, ऑपरेशन करावं लागेल, इथे सही करा. अप्पांनी हात पुढे केला. पेन मागितलं. पेनाचं टोक उजेडात धरून बघितलं, फॉर्म सरळ केला आणि काय सही केली म्हणून सांगू! लफ्फेदार, खाली दोन ठिपके. मीही खाली 'समजावून सांगितले' ह्यापुढे माझी सही ठोकली.

मग अप्पांनी फॉर्म परत ओढला. सहीखाली तारीख घातली, ती चाळीस वर्षांपूर्वीची. आणि तिच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'अग्रेषित'. म्हणजे पुढे पाठवलं.

ताई खुदकन हसली. "अहो अप्पा, ही ऑफिसची फाईल नाहीये."

मला मात्र हसू आलं नाही. मी केसपेपरमधला कोरा कागद काढून त्यांच्यासमोर धरला, काही न बोलता. त्यांनी त्याच्यावरही सही केली, तारीख घातली. मग मी शेजारी पडलेला जेवणाचा तक्ता धरला. त्यावरही सही. पस्तीस वर्षं समोर आलेल्या कागदावर सही करून तो पुढच्या टेबलावर ढकलणारा माणूस तो. हाताला सवय होती आणि हात आपलं काम करत होता. अप्पा त्यात कुठेच नव्हते.

"अप्पा, तुमच्या पायाचं काय करायचं ठरलंय?" मी विचारलं.

"नखं," ते म्हणाले. "नखं वाढलीत. न्हावी येतो गुरुवारी." आणि डोळे मिटले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. माझी सही त्या फॉर्मवर होती. एका माणसाचा पाय जाणार होता आणि त्याला वाटत होतं नखं कापतायत.

मी ताईला विचारलं, हे असे कधीपासून? ती म्हणाली, "अगं, चार दिवसांपूर्वी स्वतः चहा केला होता त्यांनी. परवापासून एकदम असं झालं. मध्येच नीट बोलतात, मध्येच भलतंच. रात्री झोप नव्हती म्हणून दुकानवाल्याने गोळी दिली, तेव्हापासून तर जास्तच." मी त्यांना वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार, आणि पुढे खिडकीबाहेर बघत गप्प. हा नुसता डिमेन्शिया नव्हे. डिमेन्शिया चार दिवसांत असा पालटत नाही. हा त्याच्यावर चढलेला डिलिरियम होता, आजारानं आलेला भ्रम, आणि भ्रम बहुतेक वेळा उतरतो, कारण सापडलं तर.

फॉर्म फाडून टाकावा असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण कागद फाडायचा नसतो. मी त्यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं सगळं वाचता येईल अशी, आणि लिहिलं: रद्द, पेशंटला समजलेलं नाही, तारीख, वेळ, सही. मग सर्जन साहेबांकडे गेले.

"पेशंट ने साइन किया है, बेटी राज़ी है, आपको क्या तकलीफ़ है मैडम?"

मी म्हटलं, "सर, उन्हें लग रहा है नाखून कट रहे हैं."

ते भडकले. भडकणारच. त्यांचंही चुकत नव्हतं. पायातलं विष कुणाच्या डोक्याची वाट बघत नाही. आणि एरवी आमच्याकडे घरच्यांची सही झाली की गाडी पुढे जातेच. पण मी धरून बसले. म्हटलं, आत्ता जीव धोक्यात असेल तर थांबू नका, मुलीशी बोलून करा, मी तसंच लिहीन. पण एक-दोन दिवस थांबता येत असेल तर थांबा, हा भ्रम उतरू शकतो, आणि पाय त्यांचा आहे. सर्जन साहेब उठून वॉर्डात आले, खिशातून मार्कर काढला आणि अप्पांच्या नडगीवर, लालीच्या कडेपासून चार बोटं वर, काळी रेघ ओढली.

"ये लाइन पार हुई, या बीपी गिरा, तो मैं नहीं रुकूँगा. परसों सुबह तक. उसके बाद आपका काग़ज़ आप जानें."

त्या दोन दिवसांत मी काय जेवले, कधी घरी गेले, मला आठवत नाही. आठवते ती रेघ. दर दोन तासांनी मी चादर वर करून बघायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. थांबलो आणि विष चढलं तर माणूस जाणार, आणि तो माझ्या हट्टापायी जाणार. सिस्टर मला म्हणाली, "मैडम, घूरने से लाली नहीं उतरेगी."

बाकीची कामं मात्र चोख केली. दुकानवाल्याची ती गोळी बंद. लघवी तुंबली होती, नळी घातल्यावर पाऊण लिटर निघाली आणि अप्पांनी "हुश्श" केलं. अँटिबायोटिक, साखर, रक्तातलं सोडियम, पोट साफ, एकेक करून मार्गी लावलं. चष्मा कुठाय? ताईच्या पर्समध्ये, हरवू नये म्हणून. कानाचं यंत्र? तेही तिथेच, रुमालात गुंडाळून. मी कपाळावर हात मारला. ऐकू येत नाही, दिसत नाही अशा माणसाला आम्ही समजावून सांगत होतो! खाट खिडकीपाशी घेतली, ताईला उशाशी बसवलं आणि सांगितलं, मराठीतच बोलत राहा, आज वार कुठला, आपण कुठे आहोत, ते सांगत राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बरेच जागे होते. पाय खराब झालाय, डॉक्टर काढायचा म्हणतात, हे त्यांना सांगितल्यावर कळलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच विचारलं, मग तुम्हाला काय वाटतं?

"हिला विचारतो," ते म्हणाले. "ही बाजारात गेलीय. ती आली की सांगतो."

ताईने तोंड फिरवलं. पाच मिनिटांनी मी पुन्हा विचारलं, तर पायाचं काही झालंय हेच त्यांना आठवेना. मी लिहिलं: पायाचा आजार क्षणभर समजतो, पाच मिनिटं लक्षात राहत नाही, निवड तोलण्याऐवजी दिवंगत पत्नीच्या येण्याची वाट बघतात, आज हा निर्णय घेण्याची क्षमता नाही, कारण डिलिरियम, उतरणीला, उद्या सकाळी चहानंतर पुन्हा बघणार. लिहिलं खरं, पण चादर वर केली तर लाली रेघेपासून दोन बोटांवर आली होती. मला त्या काळ्या शाईची भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लाली तिथेच होती. जागची हलली नव्हती. ताप उतरला होता. अप्पांनी चहा मागितला आणि फिका आहे म्हणून कुरकुर केली. मी देवाचे आभार मानले, सिस्टरला साक्षीला घेतलं आणि ताईला म्हटलं, "ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा. त्यांच्याशी मला एकट्याने बोलायचंय."

"माझ्यापासून काय लपवायचंय?"

"लपवायचं काही नाही. तुमच्या तोंडाकडे बघून त्यांनी उत्तर देऊ नये, एवढंच."

ती फणकाऱ्याने गेली. मी अप्पांना चष्मा लावला, यंत्र घातलं, खाली स्टुलावर त्यांच्या डोळ्यांसमोर बसले. आजची तारीख विचारली. नाही आली. साल विचारलं, तेही वीस वर्षं मागचं. पण वार उलटे त्यांनी न अडखळता म्हणून दाखवले. मग मी हळूहळू, एका वेळी एक वाक्य, सांगितलं. पायात विष आहे. तीन वाटा आहेत. एक, गुडघ्याखाली पाय काढायचा. विष जाण्याची शक्यता त्यात जास्त, पण ऑपरेशन मोठं, आणि नंतर चालणं अवघड. दोन, काळी बोटं आणि सडलेला भाग तेवढाच काढायचा. पाय राहील, पण विष परत चढू शकतं, जीवही जाऊ शकतो. तीन, नुसती औषधं, त्यात धोका सगळ्यात जास्त.

"आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणाले?"

"परीक्षा घेतेस का गं?" ते म्हणाले.

"हो. नापास झालात तर माझी मान जाईल."

ते हसले. मग बोटं मोजत सांगितलं. पाय काढला तर वाचेन बहुतेक. बोटं काढली तर पाय वाचेल, मी वाचेनच असं नाही. गोळ्यांवर राहिलो तर जाईन. "पहिल्यात वाचेनच, अशी हमी आहे?"

"नाही."

"मग बोटं काढा. पाय नको."

"का?"

अप्पांनी, ताई गेली होती त्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "माझी पोर बावन्न वर्षांची आहे. तिची कंबर गेलीय. ही होती तोवर दोघी होत्या, आता ती एकटी. पाय गेल्यावर मला संडासला कोण उचलून नेणार? तीच. मला ते नको. जितकं चालता येईल तितकं माझ्या पायाने चालीन."

मी विचारलं, "अप्पा, मरावंसं वाटतं का?"

"छे! मरायची हौस कुणाला आहे? उन्हाळ्यात आंबे खायचेत. पण तिच्या पाठीवर बसून नाही खायचे."

"ताईला हे सांगू?"

"सांग. पण माझ्यासमोर नको. रडते ती."

बोटांच्या ऑपरेशनचा नवा फॉर्म मी पुढे केला. त्यांनी पेन घेतलं नाही. "आधी वाचून दाखव," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं. दहा मिनिटांनी परत विचारलं, तेच उत्तर. दुपारी जेवणानंतर पुन्हा, तेच.

बाहेर ताई भिंतीला टेकून उभी होती. मी सांगितलं. कारणासकट सांगितलं. तिने ओठ घट्ट मिटले, मग माझं मनगट धरलं. "त्यांना साल तरी सांगता आलं का?"

"नाही."

"मग? लिहून टाक ना! एक शब्द लिही, क्षमता नाही. मी सही करते. पाय जाऊ दे, अप्पा राहू देत. तुला कोण विचारणार आहे? डिमेन्शिया आहे हे सगळ्यांना माहीत आहे."

खरं होतं. कोणीच विचारलं नसतं. सर्जन साहेबांना तर आनंदच झाला असता. आणि मलाही अप्पा हवे होते, लहानपणी आमच्या गणपतीच्या आरतीत बेसूर झांजा वाजवणारे अप्पा. मी ड्यूटी रूममध्ये जाऊन बसले. पेन हातात, कागद समोर. अर्धा तास. आपल्याला न पटणारं उत्तर आलं की त्या माणसाचं डोकं ठिकाणावर नाही म्हणायचं, हे किती सोपं असतं! दोन दिवसांपूर्वी ते 'हो' म्हणाले होते तेव्हा कुणालाही शंका आली नव्हती. मलाही आली नसती, तारीख चुकली नसती तर.

मग लिहिलं. केसपेपर इंग्रजीत, पण त्यांचं बोलणं जसंच्या तसं मराठीत. वेळ, कोण हजर, कुठली भाषा, चष्मा आणि यंत्र लावलेलं. काय काय सांगितलं. समजलं: स्वतःच्या शब्दांत सांगितलं. लक्षात राहिलं: दहा मिनिटांनी आणि दुपारी तेच. तोललं: 'तिच्या पाठीवर बसून नाही खायचे.' निवड सांगितली, बदलली नाही. तारीख-साल येत नाही, डिमेन्शिया आहेच, तरीही ह्या निर्णयासाठी, ह्या वेळी, क्षमता आहे. मुलगी सहमत नाही, हेही लिहिलं.

सर्जन साहेबांना मराठी वाचता येत होतं, समजत नव्हतं. म्हणाले, "पढ़ के समझाइए." मी हिंदीत सांगितलं. ते स्वतः जाऊन अप्पांना विचारून आले. "ठीक है," म्हणाले, "उँगलियाँ." आणि माझ्या खांद्यावर नुसता हात ठेवून गेले.

बोटं काढली. जखम भरू लागली. अप्पा काठी टेकत, ताईचा हात झटकत घरी गेले. ताई माझ्याशी बोलत नव्हती. पण मला वाटलं, बाई, सुटलो.

दोन महिन्यांनी ते परत आले. पाय मांडीपर्यंत तापलेला, रक्तदाब पडलेला, हाक मारली तर डोळेही उघडत नव्हते. ह्या वेळी विचारायला अप्पा नव्हतेच. सर्जन साहेब म्हणाले, पाय गुडघ्याच्या वरून काढून बघता येईल, पण आशा थोडी आहे. निर्णय ताईचा. तिने विचारलं, "तो कागद आहे का गं?" मी जुनी फाईल मागवली. तिने उभ्यानेच ते मराठी वाक्य वाचलं. एकदा, मग बोट ठेवून परत. फाईल मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "पाय राहू दे. त्यांना दुखू नये, एवढं बघ." मी पाहिलं. अप्पा तिसऱ्या दिवशी गेले, ती हात धरून बसलेली असताना.

तेरावं झाल्यावर ती खंडेराव गेटला आमच्या घरी आली. मी चहा केला. भांडेल, शिव्या देईल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तिने कपाला हात लावला नाही.

"तू त्या दिवशी क्षमता नाही म्हणून लिहिलं असतंस," ती म्हणाली, "तर आज ते असते कदाचित."

मी म्हटलं, "हो, ताई. कदाचित."

"'माझा पाय तोडलास' म्हणून उठता-बसता मला शिव्या घातल्या असत्या. तुला माहीत नाही त्यांचं तोंड."

तिने पदराने डोळे पुसले.

"खाल्ल्या असत्या गं मी त्या शिव्या."